‘पुरावा सध्या नाही’ या वाक्याला पत्राने कसं भिडायचं

प्रश्न: आमची बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह बनवायची कंपनी आहे, साठेक माणसं. पगारपत्रकं, कामगारांचे आधार-पॅन-बँक तपशील आणि डीलरांची कागदपत्रं एका क्लाउड कंपनीच्या सेवेत ठेवतो. काल रात्री त्यांचा मेल आला की त्यांच्या काही यंत्रणांमध्ये अनधिकृत प्रवेश झाला, तपास चालू आहे, आमच्या माहितीला धक्का लागल्याचा पुरावा सध्या नाही. शेठ म्हणतात, कडक पत्र लिहून सगळे तपशील मागवा. पत्रात नेमकं काय मागायचं? वकील लागेल का?

उत्तर: कडक पत्राला कडकच उत्तर येतं, तेही त्यांच्या वकिलाकडून, आणि त्यात माहिती म्हणून काही नसतं. शेठना हे हळूच समजवा. मी बडोद्यात वीसेक वर्षं कंपन्यांच्या माहिती-सुरक्षेचं आणि ऑडिटचं काम करते. अशी पत्रं लिहिलीही आहेत आणि दुसऱ्या बाजूला बसून त्यांना उत्तरंही दिली आहेत. ‘सर्व तपशील तात्काळ द्यावेत’ असं वाक्य वाचलं की उत्तर देणाऱ्याला हायसं वाटतं, कारण सगळं मागणाऱ्याला छापील निवेदन पाठवून तोंडाला पानं पुसता येतात.

तुमच्या मेलमधलं खरं वाक्य म्हणजे ‘पुरावा सध्या नाही’. त्याचे दोन अर्थ होतात. एक, त्यांच्याकडे त्या काळाच्या पूर्ण नोंदी आहेत, त्या तपासल्या आणि तुमच्या फाइलींना कोणी हात लावलेला दिसला नाही. दुसरा, नोंदी ठेवल्याच नव्हत्या किंवा पुसल्या गेल्या, म्हणून काही दिसलं नाही. बाहेरून दोन्ही वाक्यं सारखीच दिसतात आणि लिहिणारा दोन्ही वेळा खोटं बोलत नसतो. यातला कुठला अर्थ तुम्हाला लागू आहे, हे काढून घेणं एवढंच पत्राचं काम.

काही वर्षांपूर्वी वाघोडिया जीआयडीसीतल्या एका पॅकेजिंगवाल्यांकडे असाच मेल आला होता. त्यांची पगार-सेवा ज्या कंपनीकडे होती तिच्यात घुसखोरी झाली होती. मला बोलवायच्या आधी त्यांनी दोन पानी पत्र पाठवून झालं होतं, त्यात ‘गंभीर दखल’, ‘कायदेशीर कारवाई’ वगैरे सगळं होतं. अकरा दिवसांनी उत्तर आलं, तीन परिच्छेदांचं. त्यातलं कामाचं वाक्य एकच: ‘आमचं प्रॉडक्शन एन्व्हायर्नमेंट बाधित झालेलं नाही.’ म्हणजे ग्राहकांची सेवा जिथून प्रत्यक्ष चालते ती मुख्य यंत्रणा. शेठ खूश झाले, पेढे आणायचेच बाकी होते. मग आम्ही एका पानाचं दुसरं पत्र पाठवलं, सहा प्रश्नांचं. पाचव्या दिवशी उत्तर आलं आणि त्यात दिसलं की घुसखोर शिरला होता तो त्यांच्या सपोर्ट-टिकिटांच्या यंत्रणेत. ती ‘प्रॉडक्शन’मध्ये मोडतच नव्हती. चौदा महिन्यांपूर्वी पगाराची फाइल अपलोड होत नाही म्हणून पॅकेजिंगवाल्यांच्या एचआरमधल्या मुलीने तक्रार नोंदवली होती आणि तिला ४१२ कामगारांच्या बँक खात्यांची एक्सेल जोडली होती. टिकिट त्याच आठवड्यात बंद झालं, जोडलेली फाइल मात्र तिथेच राहिली. मूळ डेटाबेस सुरक्षित आणि तीच माहिती बाहेर, असा प्रकार. पहिल्या उत्तरातला शब्द न् शब्द खरा होता.

मोठ्या कंपन्यांतही हे असंच घडतं. लॉगिन-सेवा देणाऱ्या ओक्टा या अमेरिकन कंपनीच्या सपोर्ट-यंत्रणेत २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घुसखोरी झाली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांनी सांगितलं की १३४ ग्राहकांच्या फाइली पाहिल्या गेल्या, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. त्याच महिन्याच्या अखेरीस सांगावं लागलं की सपोर्ट-यंत्रणा वापरणाऱ्या सगळ्याच ग्राहकांची नावं आणि ईमेल असलेला अहवाल घुसखोराने उतरवून घेतला होता. आधीच्या तपासात हे निसटण्याची कारणं त्यांनीच लिहिली आहेत आणि ती वाचण्यासारखी आहेत. घुसखोराने टिकिट उघडून फाइल न पाहता थेट फाइलींच्या टॅबवर जाऊन पाहिल्या. त्याची लॉगमधली नोंद वेगळ्या प्रकारची पडत होती आणि तपास करणारे सुरुवातीला टिकिटं उघडल्याच्या नोंदी शोधत बसले होते. पुढे तो अहवाल त्यांनी स्वतः तयार करून पाहिला, तेव्हा घुसखोराने उतरवलेली फाइल आपल्या फाइलीपेक्षा मोठी असल्याचं कळलं. त्यांनी आधी गाळणी लावून छोटा अहवाल काढला होता, घुसखोराने न गाळता पूर्ण नेला होता. म्हणून पत्रात ‘काय सापडलं’ याच्या जोडीला ‘कुठे आणि कसं शोधलं’ हेही विचारायचं.

आता क्रमाने. पत्राच्या आधी तीन कामं आजच करा, ती पत्राच्या उत्तरावर अवलंबून नाहीत. मेल खरा आहे का ते तपासा. अशा बातमीच्या मागोमाग ‘पासवर्ड बदला’ म्हणणारे बनावट मेल निघतात. मेलमधल्या दुव्यावर न जाता नेहमीच्या रस्त्याने त्यांच्या पोर्टलवर लॉगिन करा आणि तिथे सूचना आहे का पाहा. मग त्या सेवेशी जोडलेल्या सगळ्या एपीआय-चाव्या, म्हणजे एक सॉफ्टवेअर दुसऱ्यात ज्यांनी शिरतं ते लांबलचक कोड, ॲडमिन पासवर्ड आणि इंटिग्रेशनची टोकन बदला. हे करताना जुन्या चाव्या नोंद न करता पुसू नका. कुठली चावी कधी बंद केली ते एका कागदावर वेळेसह लिहा, पुढे लागतं. तिसरं म्हणजे आपल्याकडचे लॉग आपोआप पुसले जात असतील तर ते थांबवा.

आणि सर्ट-इन, म्हणजे सायबर घटनांची दखल घेणारी केंद्र सरकारची संस्था. २८ एप्रिल २०२२ च्या त्यांच्या निर्देशांप्रमाणे डेटा-गळतीसारख्या ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून किंवा कोणी लक्षात आणून दिल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात. हा नियम मोठ्या क्लाउड कंपनीला आहे तसा तुमच्यासारख्या कंपनीलाही आहे. ‘त्यांनी कळवलंच असेल’ म्हणून तुमची जबाबदारी टळत नाही. तुमचे सहा तास बहुधा उलटून गेलेत, तरीही कळवा. `incident@cert-in.org.in` वर जेवढं ठाऊक आहे तेवढंच लिहा: सेवादात्याकडून अमुक वाजता सूचना मिळाली, आमची अमुक प्रकारची माहिती तिथे असते, बाधा झाली की नाही अजून कळलेलं नाही, तपशील मागवले आहेत. बाकीचं मागाहून पाठवता येतं.

पत्र कोणाला जातं, यावर अर्धं यश ठरतं. आलेल्या मेललाच उत्तर दिलंत तर तो पत्ता बहुतेक वेळा कोणी उघडत नसतो. करारात ‘नोटिसेस’ नावाचं एक कंटाळवाणं कलम असतं, त्यात पत्ता आणि पद्धत दिलेली असते. पत्र तिथे जाऊ दे. त्याच दिवशी त्यांच्या पोर्टलवर सगळ्यात वरच्या तीव्रतेचं टिकिट उघडा आणि तेच पत्र जोडा. टिकिटाला क्रमांक आणि वेळ आपोआप पडते, त्यामुळे ‘आम्हाला मिळालं नाही’ म्हणून कानांवर हात ठेवता येत नाहीत. टिकिटाला पत्र आणि त्यातल्या याद्या यांशिवाय दुसरं काही जोडू नका. तुमच्या खात्याचा विक्री-प्रतिनिधी असेल तर त्याला प्रत द्या, त्याला करार पुढच्या वर्षी नव्याने करायचा असतो, तो आतून धावपळ करतो. सही संचालकाची असावी. भाषा इंग्रजीच असेल, कारण वाचणारे बहुधा आपल्या गावचे नसतात. मी मसुदा मराठीत देते, आशय तोच ठेवून करून घ्या.

पहिला परिच्छेद ओळखीचा. यात लोक कंजुषी करतात. ‘आमचा डेटा’ असं लिहिलं तर समोरचा माणूस काय शोधणार? त्याला लॉगमध्ये टाकून शोधता येईल असं काहीतरी द्या. टेनंट आयडी म्हणजे त्यांच्या यंत्रणेतली तुमच्या खात्याची ओळख, आणि रीजन म्हणजे तुमची माहिती ज्या भागातल्या सर्व्हरवर असते तो भाग.

> ‘आमचा ग्राहक क्रमांक, टेनंट आयडी आणि रीजन खाली दिले आहेत. आमच्या खात्यातील वापरकर्त्यांची ईमेल-यादी, एपीआय-चाव्यांचे आयडी (गुप्त भाग नव्हे) आणि गेल्या २४ महिन्यांत आम्ही नोंदवलेल्या सपोर्ट-टिकिटांचे क्रमांक सोबत जोडले आहेत. आपला दिनांक अमुकचा मेल आम्हाला भारतीय वेळेनुसार अमुक वाजता मिळाला. करारातील कलम अमुकप्रमाणे ही माहिती मागत आहोत.’

कलम शोधायला करारासोबतची डेटा-प्रक्रियेची पुरवणी उघडा. इंग्रजीत तिला डीपीए म्हणतात, सही करताना ती कोणी वाचलेली नसते. त्यात घटना कळवण्याचं आणि तपासात सहकार्य करण्याचं असं एखादं वाक्य असतं. ते शब्दशः उचला, आपल्या शब्दांत सांगायला जाऊ नका.

दुसरा परिच्छेद जपणुकीचा. बाकीच्या पत्राला वकिलाची नजर हवी असेल तर ते एक दिवस थांबवा, पण हा परिच्छेद आजच्या आज सुटा पाठवा. लॉग ठरावीक दिवसांनी पुसले जातात. घुसखोरी दोन महिन्यांपूर्वीची असेल तर तुम्ही चर्चा करत बसाल तेवढ्यात पहिल्या दिवसाची नोंद गेलेली असेल.

> ‘आमच्या खात्याशी आणि बाधित यंत्रणांशी संबंधित सर्व प्रवेश-नोंदी, प्रशासकीय कृतींच्या नोंदी, नेटवर्क-नोंदी आणि सर्व्हरच्या जशाच्या तशा प्रती पुसल्या जाणार नाहीत याची व्यवस्था करून तसं लेखी कळवावं. यातील कुठल्या नोंदी आधीच पुसल्या गेल्या असतील तर कुठल्या आणि कुठल्या तारखेपर्यंतच्या, तेही कळवावं.’

सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस राखायला सांगितलं आहे. सेवादाता भारतात सेवा देत असेल तर याचा उल्लेख एका ओळीत करा. धमकीच्या सुरात नको.

आता प्रश्न. मी सहावर जात नाही. चाळीस प्रश्नांच्या एक्सेलला चाळीस वेळा ‘सोबतचं निवेदन पाहावं’ असं उत्तर आलेलं मी पाहिलं आहे.

पहिला प्रश्न यंत्रणांचा. ‘घुसखोराला ज्या ज्या यंत्रणांमध्ये प्रवेश मिळाला त्या प्रत्येकीचं नाव आणि काम सांगावं आणि प्रत्येकीसमोर तिच्यात आमच्या खात्याची माहिती असते की नाही ते लिहावं. यात सपोर्ट-टिकिटं व त्यांना जोडलेल्या फाइली, बॅकअप, चाचणीसाठी केलेल्या प्रती, लॉग साठवण्याची जागा आणि बिलिंग-यंत्रणाही धराव्यात.’ वाघोडियाच्या पत्रात याच वाक्याने काम केलं. बॅकअपचं नाव घेणंही तितकंच गरजेचं. चालू यंत्रणेतून तुम्ही फाइल पुसली तरी ती जुन्या बॅकअपमध्ये महिनोन् महिने असू शकते. गेल्या वर्षी सोडून गेलेल्या कामगाराचा आधार तुमच्या पडद्यावर दिसत नाही, म्हणून तो त्यांच्याकडे नाही असं होत नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा: प्रवेशाची सगळ्यात आधीची आणि सगळ्यात शेवटची ज्ञात वेळ, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, आणि ‘सगळ्यात आधीची’ हे कशावरून ठरवलं. शेवटचं अर्धं वाक्य गाळू नका. पुष्कळदा ‘सगळ्यात आधीची’ तारीख म्हणजे लॉग जिथून सुरू होतात ती तारीख असते. नव्वद दिवसांचे लॉग असले आणि घुसखोरी बरोबर नव्वदाव्या दिवशी सुरू झालेली दिसली, तर माणूस त्याआधीपासून आत असेल असं धरून चालावं.

तिसरा प्रश्न या पत्राचा जीव आहे, म्हणून पूर्ण देते.

> ‘आपण पुरावा आढळला नसल्याचं कळवलं आहे. वरील कालावधीत आमच्या खात्यातील फाइली वाचणं, उतरवून घेणं आणि त्यांची यादी पाहणं या तीन कृतींची नोंद होत होती का? होत असल्यास त्या नोंदी संपूर्ण कालावधीसाठी उपलब्ध आहेत का, आणि आमच्या टेनंट आयडीने त्या शोधल्या गेल्या आहेत का? होत नसल्यास ‘पुरावा नाही’ याचा अर्थ ‘नोंद नाही’ असा घ्यावा का, हे स्पष्ट करावं.’

याला हो-नाहीत उत्तर देता येतं, म्हणून टाळणं अवघड जातं. टाळलं तर टाळल्याचंच दिसतं. अनेक सेवांमध्ये फाइल बदलल्याची नोंद ठेवतात, पण नुसती वाचल्याची ठेवत नाहीत, कारण वाचण्याच्या नोंदी प्रचंड होतात आणि साठवायला पैसे पडतात. २०२३ मध्ये लॉगिनवर डिजिटल सही करणाऱ्या चोरलेल्या चावीने मायक्रोसॉफ्टच्या ईमेल-सेवेत घुसखोरी झाली, ती अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने पकडली. कोणी मेल वाचला याची जास्तीची नोंद त्यांनी पैसे भरून घेतली होती, म्हणून त्यांना दिसलं. साधी योजना घेतलेल्यांकडे ती नोंदच नव्हती. पुढे टीका झाल्यावर कंपनीने या नोंदी जास्त ग्राहकांना खुल्या केल्या.

चौथा प्रश्न चाव्यांचा. आमच्या पासवर्डांची सांकेतिक रूपं म्हणजे हॅश, एपीआय-चाव्या, सेशन-टोकन किंवा फाइली ज्या किल्लीने कुलूपबंद आहेत ती किल्ली यांपैकी काही घुसखोराच्या आवाक्यात होतं का. ‘डेटा एन्क्रिप्टेड आहे’ या उत्तरावर थांबू नका. घुसखोर ज्या यंत्रणेतून शिरला तिला फाइली उघडून दाखवण्याचा अधिकार असेल तर त्यालाही त्या उघड्याच दिसणार. डिस्क चोरीला गेली तर एन्क्रिप्शन कामाला येतं, चालू खात्याचा ताबा गेला तर येत नाही.

पाचवा आमच्या खात्यापुरत्या कच्च्या नोंदींचा आणि घुसखोराच्या आयपी पत्त्यांचा. पूर्ण फॉरेन्सिक अहवाल मागू नका. त्यात दुसऱ्या ग्राहकांची माहिती असते, त्यांचे वकील तो देऊ देत नाहीत आणि नकाराच्या त्या एका वाक्यात तुमची बाकीची मागणीही वाहून जाते. ‘फक्त आमच्या टेनंटच्या ओळी, गरज असल्यास गोपनीयतेचा करार करून’ असं मागितलं की नाही म्हणायला कारण उरत नाही.

सहावा छोटा: यात त्यांच्या कुठल्या उपकंत्राटदाराचा संबंध आहे का आणि सर्ट-इनला त्यांनी कधी कळवलं. त्याचा संदर्भ क्रमांक मिळाला तर तुमच्या नोंदीत घाला.

मुदत एकच देऊ नका. पहिल्या आणि चौथ्या प्रश्नाला ४८ तास द्या, कारण त्यावर तुमची आजची कामं ठरतात. बाकीच्यांना दहा कामाचे दिवस. ‘माहिती अपुरी असली तरी आज आहे तेवढी द्यावी, पूर्ण झाल्यावर सुधारावी’ हेही लिहा, नाहीतर अंतिम अहवालाच्या नावाखाली महिना जातो.

काय लिहू नये? ‘आमचा सगळा संवेदनशील डेटा तुमच्याकडेच आहे’, ‘आमचं इतक्या लाखांचं नुकसान झालं’, ‘आमच्या माणसाने चुकून फाइल टाकली असावी’ यातलं एकही वाक्य नको. हे पत्र उद्या विमा कंपनी वाचेल, कदाचित डेटा संरक्षण मंडळही वाचेल, आणि अंदाजाने लिहिलेलं वाक्य तुमच्याच गळ्यात येईल. सायबर विमा असेल तर पत्र पाठवायच्या आधी त्यांना कळवा. पॉलिसीत तशी अट असू शकते, आणि ती मोडल्यावर दावा अडतो.

आता समजा उत्तर आलं. ते कसं वाचायचं याचं एक उदाहरण पाहू. त्यांनी लिहिलं, ‘प्रवेशाचा कालावधी ३ जून २०२५, १९:१० ते ४ जून, ०२:४० यूटीसी.’ आपल्याकडचा मुलगा ऑफिसच्या सीसीटीव्हीसारखं ३ जूनच्या संध्याकाळचं लॉग उघडतो आणि काहीच नाही म्हणून सांगतो. आपली वेळ साडेपाच तास पुढे. म्हणजे तो कालावधी ३ जूनची मध्यरात्र उलटल्यावर, ४ जूनच्या १२:४० पासून त्याच सकाळी ८:१० पर्यंतचा. चुकीच्या रात्रीची झडती घेऊन निर्धास्त झालेले लोक मी पाहिले आहेत.

याच उदाहरणात पुढे समजा तुमचा स्वतःचा साठा एडब्ल्यूएसवर, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवर आहे आणि तिथून फाइली उचलायला तुम्ही या सेवादात्याला एक ॲक्सेस-की दिली होती. चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो, ती चावी आवाक्यात होती’ असं आलं. तर तुमच्या बाजूने ती चावी त्या वेळी कुठे वापरली गेली ते पाहा. एडब्ल्यूएसच्या क्लाउडट्रेल या नोंदवहीत ते शोधता येतं, मुंबई रीजनसाठी असं:

```
aws cloudtrail lookup-events \
  --region ap-south-1 \
  --lookup-attributes AttributeKey=AccessKeyId,AttributeValue=AKIAXXXXXXXXXXXXXXXX \
  --start-time 2025-06-03T19:00:00Z \
  --end-time 2025-06-04T03:00:00Z
```

चावीच्या जागी तुमच्या चावीचा आयडी आणि वेळांच्या जागी तुम्हाला कळवलेला कालावधी घाला. उत्तरात ओळखीचे नसलेले आयपी पत्ते दिसले, किंवा सेवादात्याने एरवी कधी न केलेल्या कृती दिसल्या, तर ते जतन करा. तुम्ही दुसरे रीजन वापरत असाल तर तिथेही स्वतंत्र चालवा, कारण हा शोध एका वेळी एकाच रीजनचा असतो.

पण इथेही तीच गोम आहे. ही यादी फक्त गेल्या ९० दिवसांची असते आणि तीत व्यवस्थापनाच्या कृती येतात. एडब्ल्यूएसवर फाइली जिथे ठेवतात त्या एस-थ्री बकेटमधली एखादी फाइल कोणी उतरवून घेतली, तर ती नोंद यात पडत नाही. त्यासाठी ‘डेटा इव्हेंट’ वेगळे चालू करावे लागतात, ते आपोआप चालू नसतात आणि त्यांचे पैसे पडतात. तुम्ही ते चालू केले नसतील तर यादी कोरी येईल आणि तरीही फाइली गेलेल्या असू शकतील. त्या क्षणी आपणही शेठना ‘पुरावा नाही’ असंच सांगत असतो. सांगताना निदान ‘बघायला नोंदच नव्हती’ हे जोडा.

तिसऱ्या प्रश्नाला ‘वाचल्याच्या नोंदी उपलब्ध नाहीत’ असं उत्तर आलं, तर त्या यंत्रणेत असलेली तुमची सगळी माहिती गेली असं धरा. मधला पर्याय नाही. वाघोडियात त्या एक्सेलबाबत हेच झालं. टिकिट उघडलं गेल्याची नोंद होती, फाइल उतरवल्याची नोंद ठेवली जात नव्हती. आम्ही गेली असं धरून ४१२ जणांना गुजराती, हिंदी आणि मराठीत एका पानाची सूचना दिली: कुठली माहिती बाहेर गेली असावी, बँकेच्या नावाने फोन आला तर ओटीपी सांगू नका, शंका आली तर अमुक माणसाला भेटा. पगार ज्या बँकेतून होतो तिच्या शाखेलाही कळवलं. पाळी सुटताना गेटवर कागद वाटले, मेल करून काय उपयोग होता?

वकील लागेल का? पहिल्या पत्राला, माझ्या मते, नाही. वाचून घ्यायला हरकत नाही, पण वकिलाच्या लेटरहेडवर पाठवू नका. तसं पत्र गेलं की तिकडेही फाइल तांत्रिक टीमकडून कायदा-विभागाकडे सरकते आणि लॉग बघू शकणारा माणूस तुमच्याशी बोलायचा थांबतो. दहा दिवसांत पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं आली नाहीत, किंवा त्यांनी भरपाई म्हणून क्रेडिट देऊ करून कशावर तरी सही मागितली, तेव्हा वकिलाकडे जा. सही त्याआधी नको.

शेठना एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगून ठेवा. कामगारांच्या माहितीची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सेवादात्यावर नाही, तुमच्या कंपनीवर आहे. तो तुमच्या वतीने माहिती सांभाळणारा, एवढंच. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. गळती झाल्यावर मंडळाला आणि प्रत्येक बाधित व्यक्तीला कळवण्याची तरतूद त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होते, आणि मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत द्यायची असते. न कळवल्यास दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. साठ माणसांच्या कारखान्याला तेवढा लावतील असं नाही, पण ‘त्यांच्याकडून झालं’ हे उत्तर तिथे चालणार नाही.

पत्र टाइप करायला बसण्याआधी आज संध्याकाळी त्यांच्या पोर्टलवर जाऊन तुमच्या कंपनीने आजवर नोंदवलेल्या टिकिटांची यादी काढा, बंद झालेल्यांसह, आणि प्रत्येकाला काय जोडलं होतं ते पाहा. पगार किंवा अकाउंट्सच्या माणसाला शेजारी बसवा, पण ओरडू नका, नाहीतर तो फाइल पुसून मोकळा होईल आणि पत्रात कुठला क्रमांक लिहायचा तेच कळणार नाही.